पोहण्याचा स्पीड किमी प्रतितासात बघून घाबरताय? या चुका टाळा

माझा भाचा कोल्हापुरात ट्रायथलॉनची तयारी करतोय, ऑलिम्पिक डिस्टन्सची. म्हणजे दीड किमी पोहायचं, मग ४० किमी सायकल, मग १० किमी पळायचं. परवा त्याचा फोन आला, "मामा, सायकलला २५ चा स्पीड पडतोय, पळताना ९ च्या वर जातोय, आणि पोहताना २.४! एवढं वाईट पोहतोय व्हय मी?"

पहिली चूक हीच. तिन्ही आकडे एका मापात घालायचे आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ घेतलं, वेळ २४.३१ सेकंद. किमी प्रतितासात काढलं तर ७.४ येतं. रंकाळ्यावर सकाळी आरामात जॉगिंग करणारे काका किलोमीटरला ८ मिनिटं घेतात, त्यांचा स्पीड ७.५. आता काय म्हणायचं, काका जास्त फास्ट?

कारण पाण्यात आहे. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. पळताना पाय रस्त्याला ढकलतो, रस्ता जागचा हलत नाही, सगळा जोर अंग पुढं न्यायला मिळतो. पोहताना हात पाण्याला ढकलतो तर पाणीच मागं सरकतं, म्हणजे ताकदीतला बराच भाग नुसतं पाणी हलवण्यात जातो. सायकलवाल्याचं वजन तर सीटवर असतं आणि चाक फिरत राहतं, त्याला सपाट रस्त्यावर मुख्य अडवते ती हवा.

तुलना करायचीच असेल तर पोहण्याचे १०० मीटर आणि पळण्याचे ४०० मीटर शेजारी ठेवा. पॅन झानलेनं २०२४ ला पॅरिसमध्ये १०० मीटर फ्रीस्टाईल ४६.४० सेकंदात मारलं, आणि वेड व्हॅन नीकर्क २०१६ ला रिओत ४०० मीटर ४३.०३ सेकंदात पळाला. अंतर चौपट, वेळ जवळपास तेवढीच. या हिशेबानं भाच्याचे २.४ म्हणजे पळण्यातले साधारण ९.६, आणि तो पळतोय ९.२ नं. म्हणजे पोहणं पळण्याच्या मागं नाहीच.

दुसरी चूक कन्व्हर्जनची, आणि ही लय जण करतात. सूत्र सोपं आहे, १०० मीटरला किती सेकंद लागले त्यानं ३६० ला भागा. पळण्याला किलोमीटरला किती मिनिटं लागली त्यानं ६० ला भागा. भाच्याचे १०० मीटर २ मिनिटं ३० सेकंदात होतात, म्हणजे १५० सेकंद, ३६० भागिले १५०, २.४ बरोबर आलं. पण एक्सेलमध्ये त्यानं २.३० असं टाकलं होतं, तिथं ते झालं १३८ सेकंद, स्पीड २.६ दिसला आणि दीड किमीची वेळ साडेसदतीस मिनिटांऐवजी साडेचौतीस. तीन मिनिटं हवेतच. अडीच मिनिटं म्हणजे २.५, एवढं ध्यानात ठेवा. पळण्यातही तेच, साडेसहा मिनिटांचा पेस म्हणजे ६० भागिले ६.५, उत्तर ९.२.

आणि भिंतीला धरून घेतलेली विश्रांती हिशेबात धरताय का तेही बघा. दर १०० मीटरनंतर २० सेकंद थांबलात आणि एकूण वेळेवरनं स्पीड काढला तर २.४ चे २.१ होतात. उलट स्पीड अचानक दुप्पट दिसला तर २५ मीटरच्या टँकला घड्याळात ५० मीटर सेट झालंय का बघा.

तिसरी चूक म्हणजे तिन्ही स्पीडची सरासरी. २.४, २५ आणि ९.२ ची बेरीज करून तीननं भागलं तर १२.२ येतं, त्यावर ५१.५ किमीला सव्वाचार तासाच्या आसपास वेळ निघतो. भाचा याच आकड्यानं खचला होता. खरं असं करा, प्रत्येकाची वेळ काढा: पोहणं ३७.५ मिनिटं, सायकल ९६, पळणं ६५. बेरीज १९८.५ मिनिटं, म्हणजे ३ तास १८ मिनिटं. मधे कपडे-शूज बदलायचा वेळ वेगळा.

आता तो म्हणतो पोहण्यात नुसतं ०.२ नं वाढून काय होणार. ०.२ ला कमी समजू नका. २.४ चे २.६ झाले तर दीड किमीत जवळपास तीन मिनिटं वाचतात, सायकलला २५ चे २५.२ झाले तर ४० किमीत पाऊण मिनिट.

पण ते ०.२ नुसत्या जोरावर येत नाहीत. पाण्याचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी पॉवर घनानं, म्हणजे २.४ वरून २.६ ला जायला साधारण २७ टक्के जास्त पॉवर. त्यापेक्षा विरोध कमी करणं सोपं. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरकं होऊन पाणी अडवतं. म्हणून भाच्याला सांगितलंय, जोर राहू दे, नजर खाली तळाकडं ठेव, आणि २५ मीटरला हात किती मारतोस ते मोज. वेळ तीच राहून हात कमी लागायला लागले की समज विरोध कमी झाला.