नोकरी सांभाळून ट्रेडिंग: प्लॅनमधली नगाची ओळ

नोकरी करणाऱ्याच्या प्लॅनमध्ये बाजार एकच असावा. मी निफ्टी २०० मधले शेअर, कॅश सेगमेंट आणि डिलिव्हरी एवढंच लिहिलंय. ऑप्शन्स नाहीत. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. त्यामुळे पन्नास हजारांच्या भांडवलावर तिकडे वळूच नका.

सेटअपही एकच आहे. शेअर २०० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा, घसरून २० दिवसांच्या सरासरीजवळ आलेला हवा आणि आदल्या दिवसाच्या हायच्या वर बंद झालेला हवा. चार्ट रात्री जेवणानंतर बघायचा, ऑर्डर तेव्हाच लावून ठेवायची. ऑफिसात मोबाइल उघडायचा नाही.

आता जिथे मी बराच काळ अडकलो, ते नीट वाचा. "एका सौद्यात १ टक्का रिस्क" असं सगळेच लिहितात, पण नग, म्हणजे किती शेअर घ्यायचे, ते ठरवतात खात्यात किती पैसे पडलेत ते बघून. नग स्टॉपलॉसवरून, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं त्यावरून, काढायचे असतात. ५०,००० चा १ टक्का म्हणजे ५०० रुपये. त्यातले ५० एसटीटी, स्टॅम्प ड्युटी आणि डीपी चार्जेससाठी आधीच बाजूला काढा, उरले ४५०. शेअर ४१२ ला, स्टॉप ३९६ ला, म्हणजे फरक १६ रुपयांचा. ४५० भागिले १६, नग आले २८. गुंतवणूक साधारण साडेअकरा हजार.

याच शेअरला स्टॉप जवळ आणून ४०८ ला लावला, तर तेच गणित ११२ नग सांगतं आणि जवळपास सगळं भांडवल एका शेअरमध्ये जातं. कागदावर रिस्क तेवढीच. पण सकाळी सव्वानऊला शेअर ३९२ ला उघडला, तर ४०८ चा स्टॉप काय वाचवणार? ५०० च्या जागी २,२४० रुपये गेले. २८ नग असते तर ५६० वर भागलं असतं. म्हणून दुसरी मर्यादा लिहाच: एका शेअरमध्ये भांडवलाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त रक्कम नाही. दोन्ही गणितांतून जे नग कमी येतील, तेच घ्यायचे.

जीटीटी, म्हणजे भाव ट्रिगरला आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावताना विक्रीचा भाव ट्रिगरपेक्षा थोडा खाली ठेवा, नाहीतर भाव झपकन खाली गेला की ऑर्डर नुसती लटकून राहते. तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी नवी खरेदी नको.

टेलिग्रामवरच्या टिप्स देणाऱ्या 'सरां'वर माझा विश्वास नाही. ते शेअर सांगतात, पण तुमच्या भांडवलाला नग किती हे कधीच सांगत नाहीत.

सुरुवातीला हिशोब कंटाळवाणा वाटेल, घाबरू नका, हात बसला की दोन मिनिटांत होतो. एका वेळी तीनच सौदे उघडे ठेवा. महिन्यात ३ टक्के, म्हणजे १,५०० रुपये गेले, की त्या महिन्यात नवी खरेदी बंद.