हरवलेला चेक, स्टॉप पेमेंट आणि नवा चेक: नोंदी करताना या चुका टाळा

सप्लायरचा फोन येतो, "साहेब, चेक अजून मिळाला नाही." कुरियरवाला पोचवल्याचं सांगतो, सप्लायरच्या ऑफिसात कुणी घेतल्याचं आठवत नाही. मग जुना चेक थांबवून नवा द्यायचा ठरतं. काम दहा मिनिटांचं आहे, पण त्याच्या नोंदींत झालेला घोटाळा मी इतक्या जणांच्या वह्यांत निस्तरला आहे की आता लिहूनच टाकतो.

आधी उदाहरण धरू. माल १,२५,००० चा, १८ टक्के जीएसटी २२,५००, एकूण बिल १,४७,५००. सहा जूनला चेक नं. ०००४१७ दिला. तेव्हाची नोंद सगळ्यांना येते:

सप्लायर खाते नावे १,४७,५००
बँक खाते जमा १,४७,५००

सतरा जूनला कळलं की चेक पोचला नाही. अठराला स्टॉप पेमेंट दिलं, बँकेने शंभर रुपये आणि त्यावर अठरा रुपये जीएसटी कापला. वीस जूनला नवा चेक नं. ०००४३१ दिला.

जुनी एंट्री उघडून चेक नंबर बदलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण काम वाचवलं असं वाटतं. सहा जूनचं व्हाउचर उघडायचं, ४१७ च्या जागी ४३१ टाकायचं, तारीख बदलायची, झालं. सप्लायरची बाकी बरोबर, बँकेची बाकी बरोबर. मग बिघडलं काय?

एका वर्कशॉपमध्ये मी हिशेब बघायचो. हेच उदाहरण तिथलं आहे. नव्या मुलाने नेटबँकिंगवरून स्टॉप पेमेंट टाकलं, पण घाईत ०००४१७ ऐवजी ०००४७१ टाइप केलं. चेकबुक शंभर पानांचं, ४७१ हे पुढचं कोरं पान, त्यामुळे बँकेने विनंती मुकाट्याने घेतली. मुलाने व्हाउचरमध्ये नंबर बदलला आणि फाइल मिटली.

तिकडे सप्लायरच्या टेबलाखालच्या पाकिटांत जुना चेक सापडला. त्यांच्या क्लार्कला नव्या चेकची माहिती नव्हती. त्याने तो भरला आणि दोन जुलैला पास झाला. महिन्याअखेर मी ताळमेळाला बसलो तेव्हा स्टेटमेंटवर ४१७ चे १,४७,५०० गेलेले, आणि आमच्या वहीत ४१७ नावाचा चेक कधी फाटलाच नव्हता! तीन दिवस मी तो शोधत होतो. शेवटी चेकबुकच्या काउंटरफॉइलवर सप्लायरचं नाव सापडलं तेव्हा उलगडा झाला. सप्लायर सरळ माणूस, त्यांनी रक्कम पुढच्या बिलांत वळती केली. पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑगस्टमध्ये ४७१ नंबरचा चेक दुसऱ्याच एका सप्लायरला दिला आणि तो "पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर" शेरा मारून परत आला.

म्हणून जुनी एंट्री बदलायची नाही आणि पुसायचीही नाही. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, तिथे प्रत्येक बदल नोंदला जातोच. प्रोप्रायटर असलात तरी सवय तीच ठेवा. चेक फाटला होता, तर वहीत तो दिसलाच पाहिजे.

त्याऐवजी स्टॉप पेमेंट झालं त्या तारखेला उलट नोंद करा:

बँक खाते नावे १,४७,५००
सप्लायर खाते जमा १,४७,५००
(चेक नं. ०००४१७ दि. ६ जून हरवल्याने पेमेंट थांबवले)

टॅलीत मी ही F6 म्हणजे रिसीटमध्ये करतो. सप्लायरसमोर जुन्या बिलाचाच नंबर टाकतो, On Account कधीच नाही. तसं केलं तरच ते बिल पुन्हा येणे-देणे यादीत उघडं होतं. मग चार्जेस:

बँक चार्जेस खाते नावे १००
इनपुट सीजीएसटी नावे ९
इनपुट एसजीएसटी नावे ९
बँक खाते जमा ११८

आणि वीस जूनला, त्याच बिलासमोर:

सप्लायर खाते नावे १,४७,५००
बँक खाते जमा १,४७,५०० (चेक नं. ०००४३१)

उलट नोंद न करताच नवा चेक टाकणं

ही दुसरी लाडकी चूक. नवं पेमेंट टाकलं, जुनं तसंच राहिलं. सप्लायरच्या खात्यात १,४७,५०० ॲडव्हान्स दिसायला लागतो, बँकेची बाकी तेवढीच कमी, आणि ताळमेळात ४१७ "न वटलेला चेक" म्हणून महिनोन्महिने पडून राहतो. वर्षअखेर कुणीतरी कंटाळून तो "जुनी बाकी राइट बॅक" करून उत्पन्नात टाकतो. हे साफ चूक आहे. तुम्हाला उत्पन्न झालेलंच नाही, तुम्ही फक्त एकच बिल दोनदा फेडल्याचं वहीत दाखवलं आहे. तिथेही इलाज तोच, बँक नावे, सप्लायर जमा.

उलट नोंद केल्यावर ताळमेळात एक गोष्ट राहून जाते. जुनं पेमेंट आणि त्याची उलट नोंद, दोन्ही स्टेटमेंटवर कधीच येणार नाहीत. त्या दोघींना मी Bank Date स्टॉप पेमेंटचीच देतो, म्हणजे दोन्ही एकदम यादीतून जातात. एकीलाच तारीख दिली तर त्या महिन्याचा ताळमेळ बरोबर १,४७,५०० नी चुकतो. असा फरक दिसला की आधी इथेच बघा.

"चेक क्रॉस आहे, थांबवायचा कशाला?"

हा प्रश्न शेठ लोक हमखास विचारतात. अकाउंट पेयी चेक चोराला वटवता येत नाही हे खरं, पण तुमच्या सप्लायरला येतो, आणि वर सांगितलेला प्रकार नेमका तसाच झाला. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने जिवंत असतो. म्हणून क्रम सोडू नका. आधी स्टेटमेंट पाहा की तो वटला तर नाही. मग काउंटरफॉइल समोर ठेवून स्टॉप पेमेंट. बँकेचा कन्फर्मेशन आला की त्यावरचा नंबर पुन्हा वाचा, आणि तो आल्याशिवाय नव्या चेकवर सही घेऊ नका. सप्लायर कितीही घाई करो, मी थांबवतो.

सप्लायरकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: अमुक नंबरचा चेक मिळाला नाही, सापडल्यास भरणार नाही, परत करू. हे पत्र पुढे कामाला येतं. चेक थांबवला म्हणून कलम १३८ लागत नाही असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात स्टॉप पेमेंटमुळे परत आलेला चेकही त्या कलमात येऊ शकतो असं म्हटलं आहे. बदली चेक देऊन देणं फेडल्याचा कागद तुमच्याकडे हवा.

टीडीएस बिलाच्या वेळीच कापला असेल तर नव्या चेकवर पुन्हा कापू नका. नव्या चेकची रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल आणि बँक पॉझिटिव्ह पे मागत असेल, तर तपशील नव्याने भरा. मार्चचा चेक एप्रिलमध्ये थांबवला तर उलट नोंद एप्रिलचीच ठेवा आणि ताळेबंदासाठी सीएंना सांगा.

जुना चेक नंतर परत आलाच तर त्यावर आडव्या रेघा मारून "रद्द" लिहा, एमआयसीआरची पट्टी कापा आणि ४१७ च्या काउंटरफॉइललाच तो स्टेपल करून ठेवा.