ट्रान्सफॉर्मरची ऑल-डे एफिशिअन्सी काढताना या चुका टाळा

एफिशिअन्सीचे फॉर्म्युले पाठ असतात सगळ्यांचे, पण आपल्या करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावची डीपी घेऊन 24 तासांचा हिशोब मांडायला सांगितला की गाडी अडते, आणि अडते ती दोन-तीन ठरलेल्या ठिकाणीच. म्हणून एकच डीपी घेऊया आणि शेवटपर्यंत तीच धरूया.

समजा 100 केव्हीए, 11 केव्ही / 433 व्होल्टची डीपी आहे, आयर्न लॉस 260 वॅट आणि फुल लोडचा कॉपर लॉस 1760 वॅट. दिवसा 8 तास उसाचे पंप चालतात तेव्हा 80 केव्हीए, पॉवर फॅक्टर 0.8. पुढचे 6 तास 40 केव्हीए आणि रात्रीचे 10 तास नुसते 10 केव्हीए, दोन्हीला पॉवर फॅक्टर 0.9.

पहिली चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी हीच: लोडचा भाग किलोवॅटमध्ये काढणे. 80 केव्हीए म्हणजे 64 किलोवॅट, मग पोरं 64 भागिले 100 करून 0.64 घेतात आणि त्याचा वर्ग करतात. पण वाइंडिंग तापतं ते करंटनं, त्याला पॉवर फॅक्टरशी काही देणंघेणं नाही, म्हणून भाग 80/100 म्हणजे 0.8 च धरायचा. 0.8 चा वर्ग 0.64, म्हणून बरोबर हिशोब 0.64 × 1.76 × 8 = 9.01 युनिट, आणि 0.64 चाच परत वर्ग केला तर चुकीचा 5.77. एका पाळीत सव्वातीन युनिट गायब. किलोवॅट लागतात ते फक्त आउटपुट काढताना.

दुसरी चूक म्हणजे सरासरी लोड काढून एकदाच कॉपर लॉस मोजायचा. दिसायला सोपं वाटतं, आपल्या डीपीचा सरासरी लोड येतो 40.8 केव्हीए आणि त्यावरून दिवसाचा कॉपर लॉस 7.04 युनिट. आता पाळीपाळीनं बघा:

```
0.64 × 1.76 × 8  = 9.01
0.16 × 1.76 × 6  = 1.69
0.01 × 1.76 × 10 = 0.18
एकूण             = 10.88 युनिट
```

लॉस लोडच्या वर्गात वाढतो, त्यामुळे पंपांचे ते 8 तासच बहुतेक लॉस खातात आणि सरासरी काढली की नेमके तेच झाकले जातात. आधी वर्ग, मग वेळेनं गुणाकार, मग बेरीज, हा क्रम सोडायचा नाही.

आयर्न लॉस 0.26 × 24 = 6.24 युनिट. इथं 24 डोळे झाकून लिहू नका, गावठाणाच्या डीपीला ते बरोबर आहे, पण फक्त शेतीच्या फीडरवरची डीपी असेल आणि 11 केव्ही सप्लाय 8 तासच चालू राहून बाकी वेळ पूर्ण बंद असेल तर आयर्न लॉस पण 8 तासांचाच. कोअरमध्ये फ्लक्स असेल तेवढाच वेळ तो लॉस.

आता आउटपुट 512 + 216 + 90 = 818 युनिट, लॉस 17.12, म्हणजे ऑल-डे एफिशिअन्सी 818 / 835.12 = 97.95 टक्के.

मॅक्सिमम एफिशिअन्सीची अट "आयर्न लॉस बरोबर कॉपर लॉस" एवढीच पाठ केली की घोळ होतो, कारण तो कॉपर लॉस फुल लोडचा नसून त्या लोडचा असतो. `x = √(260/1760) = 0.384`, म्हणजे 38.4 केव्हीए. वर्गमूळ विसरलात तर 14.8 येतं. ताळा करून बघा ना, 0.384 चा वर्ग गुणिले 1760 करा, 260 च्या आसपास यायलाच पाहिजे. हा 38.4 केव्हीए पॉवर फॅक्टर बदलला तरी तोच राहतो, एफिशिअन्सीचा आकडा मात्र बदलतो, पॉवर फॅक्टर 1 ला 98.67 आणि 0.8 ला 98.34 टक्के.

राहिलं रेग्युलेशन. इंपीडन्स 4.5 टक्के धरला तर रेझिस्टन्स 1.76 टक्के (फुल लोड कॉपर लॉस भागिले केव्हीए) आणि रिअ‍ॅक्टन्स 4.14 टक्के. 0.8 लॅगिंगला 1.76 × 0.8 + 4.14 × 0.6 = 3.89 टक्के, लीडिंग असेल तर मधलं चिन्ह वजा होतं आणि उत्तर चक्क उणे 1.08 येतं, ते चुकलं म्हणून खोडू नका. 80 केव्हीएला 3.11 टक्के, म्हणजे 433 चे साधारण 420 व्होल्ट.

पण नदीकाठच्या शेवटच्या पंपावर 360 व्होल्ट दिसतात आणि लगेच मागणी होते, डीपी मोठी द्या. आधी वायरमनकडून पंप चालू असताना, एकाच वेळी, डीपीच्या एलटी बाजूला आणि पंपापाशी व्होल्टेज मोजून घ्या. डीपीला 420 आणि पंपाला 360 असेल तर 60 व्होल्ट एलटी लाइननं खाल्लेत. तेवढ्याच इंपीडन्सची 200 केव्हीए डीपी बसवली तर पडणारे 13 व्होल्ट निम्म्यावर येतील, 6-7 व्होल्टचा फायदा, ते 60 तसेच राहतील आणि वरून मोठ्या कोअरचा जास्तीचा आयर्न लॉस रात्रंदिवस चालू. इथं उपाय लाइनवर करायचा: जाड कंडक्टर, डीपी पंपांच्या मधोमध सरकवणे, आणि प्रत्येक पंपाला चालू स्थितीतला कपॅसिटर, कारण त्यानं लाइनचा करंट कमी होतो आणि त्याच करंटच्या वर्गानं डीपीचा कॉपर लॉसही.