कॅलिब्रेशन प्लॉट वाचताना या चुका टाळा: कळंगुटच्या एका हॉटेलातले ठिपके

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, रात्रीचे अकरा. थिवी स्टेशनवरून टॅक्सी करून आलेलं एक कुटुंब रिसेप्शनच्या सोफ्यावर बॅगांना टेकून बसलेलं आणि त्यांना द्यायला खोली नाही. खोल्या ६०, बुकिंग घेतलेली ७५. रद्द झाली फक्त ९. त्या रात्री सहा पाहुण्यांना आमच्या खर्चानं दुसऱ्या हॉटेलांत पाठवावं लागलं. फ्रंट ऑफिसच्या मॅनेजरांनी मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "बाय, कितें जालें हें?"

जादा १५ बुकिंग माझ्या मॉडेलवर विसंबून घेतलेली होती. प्रत्येक बुकिंग रद्द होण्याची शक्यता ते मॉडेल सांगतं. त्या रात्रीच्या ७५ शक्यतांची बेरीज २७ येत होती, म्हणजे २७ रद्द होतील असा अंदाज. शिवाय कॅलिब्रेशन प्लॉट पाहून मीच म्हणाले होते, "मॉडेल कमीच सांगतंय, १५ निर्धास्त घ्या." प्लॉट खरा होता. मी तो उलटा वाचला होता.

अक्षांची अदलाबदल

प्लॉटची कल्पना साधी आहे. ज्या बुकिंगना मॉडेलनं ०.३ ते ०.४ शक्यता दिली ती सगळी एका खान्यात टाकायची. त्यांच्या अंदाजांची सरासरी आडव्या अक्षावर, त्यांतली प्रत्यक्षात किती रद्द झाली ते प्रमाण उभ्या अक्षावर, आणि तिथे एक ठिपका. अंदाज आणि वास्तव जुळले तर ठिपका कर्णरेषेवर बसतो. ठिपका रेषेच्या खाली असेल तर मॉडेल वाढवून सांगतंय, कारण जेवढं घडेल म्हणालं त्यापेक्षा कमी घडलं. वर असेल तर कमी सांगतंय.

माझी चूक एका ओळीत होती. `sklearn` मधलं `calibration_curve` दोन याद्या परत देतं. त्यांतली पहिली प्रत्यक्ष प्रमाणाची असते, दुसरी अंदाजाची. मी आलेल्या क्रमानंच त्या `plt.plot` मध्ये टाकल्या. त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण आडव्या अक्षावर गेलं आणि सगळा प्लॉट कर्णाभोवती उलटला. खाली असायला हवे होते ते ठिपके वर दिसले. अक्षांना नावं दिली नव्हती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. हे असं काढायचं:

```python
rate, pred = calibration_curve(y, p, n_bins=10)
plt.plot(pred, rate, "o")
plt.plot([0, 1], [0, 1], "--")
plt.xlabel("predicted")
plt.ylabel("observed")
```

शंका आली तर एक झटपट पडताळा आहे. सगळ्या अंदाजांची सरासरी काढा आणि एकूण किती टक्के बुकिंग रद्द झाली ते बाजूला लिहा. अंदाजाची सरासरी मोठी असेल आणि तरीही ठिपके रेषेच्या वर दिसत असतील, तर अक्ष उलटे आहेत.

सगळे ठिपके एकाच बाजूला झोळीसारखे लोंबत असतील तर

प्लॉट सुलट केल्यावर खरं चित्र दिसलं. अंदाज ०.५ तिथे प्रत्यक्ष ०.२. अंदाज ०.८ तिथे ०.५. दोन्ही टोकं रेषेला धरून आणि मधला भाग खाली लोंबलेला. असा आकार दिसला की लोक लगेच मॉडेल बदलायला बसतात. माझ्या मते आधी ट्रेनिंगचा डेटा कसा निवडला होता ते बघावं.

आमच्याकडे साधारण दर १०० बुकिंगमागे २० रद्द होतात. रद्द होणारी आणि टिकणारी सारख्या संख्येनं असावीत म्हणून ट्रेनिंगच्या वेळी मी टिकलेल्या ८० पैकी फक्त २० ठेवली होती. म्हणजे मॉडेलनं असं जग पाहिलं जिथे निम्मी बुकिंग रद्द होतात, आणि त्याच जगाचे अंदाज ते देत राहिलं. त्यात मॉडेलचा दोष नाही. `class_weight="balanced"` लावलं तरी परिणाम हाच होतो.

दुरुस्ती तोंडी हिशोबानं करता येते. टिकलेल्या दर चार बुकिंगपैकी एकच ठेवली होती, तर आता प्रत्येकीला चारदा मोजायचं. मॉडेल ०.८ म्हणतं म्हणजे ८० रद्द आणि २० टिकणारी. त्या २० चे ८० करा. मग ८० ला ८०, म्हणजे ०.५. तसंच ०.५ म्हणजे ५० ला ५०, त्याचं ५० ला २००, म्हणजे ०.२. प्लॉटवरचे दोन्ही ठिपके या हिशोबात नेमके बसले, त्यामुळे कारण हेच आहे याची खात्री पटली.

```python
p_new = p / (p + 4 * (1 - p))
```

या सूत्रानं बुकिंगचा क्रम बदलत नाही. जे जास्त धोक्याचं होतं ते धोक्याचंच राहतं. म्हणूनच एयूसी आधीही चांगला होता आणि नंतरही तेवढाच राहिला. एयूसी फक्त क्रम तपासतो, आकडा खरा आहे का हे त्याला कळत नाही. मी इतके दिवस तोच बघून खूश होते.

सुधारलेल्या अंदाजांनी त्या रात्रीची बेरीज पुन्हा केली. २७ च्या जागी १३ आली. रद्द झाली होती ९. बरंच जवळ आलं, पण तरी चारांचा फरक उरला. त्याच्याकडे शेवटी येते.

लांबच्या ठिपक्याला घाबरणं आणि जवळच्याला सोडून देणं

दुरुस्तीनंतर २,४०० जुन्या बुकिंगवर नवा प्लॉट काढला. ही बुकिंग ट्रेनिंगमध्ये नव्हती. (ट्रेनिंगच्याच डेटावर प्लॉट काढला तर तो सुंदरच येतो, त्याला काही अर्थ नाही.) बहुतेक ठिपके रेषेला लागून होते. उजवीकडचा शेवटचा मात्र धाडकन खाली होता. अंदाज ०.७४, प्रत्यक्ष ०.५०. मीटिंगमध्ये सगळ्यांची बोटं त्याच्यावर.

त्या खान्यात बुकिंग होती आठ. त्यांतली चार रद्द झाली होती. खरी शक्यता ०.७४ असती तरीही आठांपैकी चार किंवा त्याहून कमी रद्द होण्याची संधी साधारण १३ टक्के आहे. म्हणजे आठ वेळांतून एकदा असा ठिपका निव्वळ योगायोगानं पडेल. त्यावरून मॉडेल चांगलं की वाईट, काहीच ठरत नाही.

डावीकडच्या पहिल्या ठिपक्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही. अंदाज ०.०५, प्रत्यक्ष ०.०८. प्लॉटवर तो रेषेला चिकटल्यासारखा दिसतो. पण त्या खान्यात ९०० बुकिंग होती. ४५ रद्द व्हायला हवी होती, झाली ७२. एवढ्या मोठ्या संख्येत योगायोगानं होणारा चढउतार पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि इथे फरक तीन टक्क्यांचा. शिवाय हॉटेलच्या भाषेत या २७ खोल्या आहेत. उजवीकडचा भलामोठा फरक जेमतेम दोन खोल्यांचा होता.

तेव्हापासून प्रत्येक ठिपक्यापाशी खान्यातली संख्या लिहिल्याशिवाय मी प्लॉट कुणाला दाखवत नाही. `strategy="quantile"` दिलं तर प्रत्येक खान्यात जवळपास सारखी बुकिंग येतात आणि गर्दीचा डावा भाग बारकाईनं दिसतो. संख्या लिहिण्याची गरज त्यानं कमी होते, संपत नाही.

आता या २७ चं काय झालं ते ऐका. मी दोन दिवस मॉडेलमध्ये कारण शोधत होते. मॅनेजरांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "अगो, हे तर ते लग्न!" बाहेरगावच्या एका पार्टीनं लग्नासाठी २४ खोल्या धरल्या होत्या, लग्न पुढे गेलं, सगळ्या खोल्या एका फोनवर रद्द. माझ्या डेटात त्या २४ स्वतंत्र ओळी होत्या. त्या वगळल्या तर उरतात ८७६ बुकिंग आणि ४८ रद्द, म्हणजे साडेपाच टक्के. ठिपका जागेवर आला.

मघाचा पाऊण टक्क्याचा हिशोब प्रत्येक बुकिंग स्वतंत्र धरूनच केलेला असतो. लग्न, ऑफिसची सहल, एजंटनं धरलेले ब्लॉक यांत ते खरं नसतं. अशा खोल्यांना आम्ही आता एक गट नंबर देतो आणि प्लॉटसाठी गट एकदाच मोजतो. ओव्हरबुकिंगच्या बेरजेत मात्र ते लग्न २४ खोल्यांचंच धरावं लागतं, आणि तिथे सरासरी उपयोगाची नाही. ते एक तर येतं, नाही तर येत नाही.

ठिपका रेषेवर आहे म्हणून पुढे जाणं

सगळ्यांत फसवा ठिपका रेषेवर अगदी बरोबर बसलेला होता. खाना ०.३ ते ०.४, बुकिंग ४००, अंदाज ०.३५, रद्द १४०, म्हणजे नेमके ०.३५. मी हा खाना हंगामानुसार फोडला तो केवळ उरलेल्या चारांच्या फरकामुळे. पावसाळ्यातल्या २०० बुकिंगपैकी ९८ रद्द झाली होती, हिवाळ्यातल्या २०० पैकी ४२. एकीकडे ४९ टक्के, दुसरीकडे २१. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन ठिपका रेषेवर उभा होता.

कारण गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यातला पाहुणा बराचसा पुण्या-बेळगावहून स्वतःच्या गाडीनं येतो. चोर्ला घाटात दरड पडल्याची बातमी आली, की घरी बसूनच बुकिंग रद्द. शॅक उठलेले, समुद्रात उतरायला मनाई, मग रद्द करताना जीवावर येत नाही. डिसेंबरच्या पाहुण्यानं विमानाचं नाही तर रेल्वेचं तिकीट आधीच काढलेलं असतं, तो येतोच. माझ्या मॉडेलला बुकिंग किती दिवस आधी केलं आणि कुठल्या मार्गानं आलं हे माहीत होतं. महिना माहीत नव्हता.

इथे `CalibratedClassifierCV` लावून काही होत नाही. मी तेही करून पाहिलं. ते एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज ठेवतं. पावसाळ्यातलं ०.३५ आणि हिवाळ्यातलं ०.३५ त्याला सारखंच दिसतं, त्यामुळे दोघांना ते एकच नवा आकडा देणार. फरक करायचा तर मॉडेलला महिना सांगावाच लागतो.

महिना घातल्यावर दोन हंगामांचे दोन प्लॉट काढतो. हिवाळ्याचा ०.६ पर्यंत व्यवस्थित आहे. पावसाळ्याच्या प्लॉटमध्ये ०.६ च्या पुढे अकराच बुकिंग आहेत, म्हणून तिथे मी ठिपकाच ठेवलेला नाही, नुसता ११ आकडा लिहिला आहे. त्या भागातल्या बुकिंगना मॅनेजर स्वतः फोन करून विचारतात.