पिन दारात नको, गेटवर हवी

डिलिव्हरी रायडर सोसायटीच्या मागच्या भिंतीशी येऊन फोन करत असेल, तर बहुधा नकाशावरची पिन घरात बसून सेव्ह केलेली असते. स्लॅबखाली जीपीएस सरकतं आणि नकाशा पिनला जवळचा रस्ता धरतो, मग तिथे गेट असो वा नसो. उपाय केला तो असा: गेटबाहेर उघड्यावर उभं राहून निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होऊ दिलं, सॅटेलाइट व्ह्यूमध्ये पिन ओढून नेमकी गेटवर ठेवली. डिलिव्हरी ॲपमधला जुना पत्ता मात्र आपोआप बदलत नाही, तिथेही पिन हलवावी लागते. पत्त्याखाली येणाऱ्याच्या दिशेने लिहिलं: “हायवेकडून येताना पाण्याच्या टाकीनंतर दुसरं डावं वळण, निळं गेट, बी विंग, ३०४.” दुकानांचे फलक बदलतात, टाकी, देऊळ, ट्रान्सफॉर्मर टिकतात.