कुत्र्याच्या रेनकोटचं माप: बसलेल्या कुत्र्याला टेप लावू नका

मृगाला आठवडा उरला की माझ्या फोनवर मापं यायला लागतात. रत्नागिरीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे आणि गेली काही वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर मी कुत्र्यांचे रेनकोट शिवते. मे महिन्याच्या शेवटी आलेल्या दहा मापांपैकी चार-पाच तरी मला परत पाठवावी लागतात. चूक दरवर्षी तीच असते, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढते आहे.

मापं तीनच लागतात: मान, छातीचा घेर आणि पाठीची लांबी. तिन्ही कुत्रा चार पायांवर सरळ उभा असताना घ्यायची. लोक नेमकं हेच धरत नाहीत. दुपारी कुत्रा पडवीत झोपलेला दिसतो, हलत नाही, म्हणून टेप काढतात. झोपलेल्या कुत्र्याचं माप हे त्याचं माप नव्हेच.

याचा मोठा धडा मला पावसच्या बाजूच्या एका बागायतदारांच्या वाघ्याकडून मिळाला. वाघ्या गावठी, उंच, छातीला खोल आणि पोटाला बारीक. हापूसच्या बागेत माकडं हाकलायला दिवसभर हिंडायचा आणि पावसातही थांबायचा नाही. त्यांनी मापं पाठवली: मान १४ इंच, छाती २२, पाठ २५. छातीपेक्षा पाठ मोठी बघून मी थबकले होते. पण मृग जवळ आला होता, ते घाईत होते, आणि मीही विचारायचं सोडून कापड कापलं. ती चूक माझी.

कोट घातल्यावर मागचा भाग शेपटीवरून खाली लोंबत होता. वाघ्याला शेपटी उचलता येईना आणि पहिल्याच दिवशी कोट मागून घाण झाला. छातीचा बेल्ट मात्र इतका आवळ की पुढचे पाय तो आखडून टाकत होता. आठवड्यात काखेमागचे केस झडून कातडी लाल झाली. मालकांचा फोन आला, "ताई, कोट घातला की वाघ्या चालतच नाही हो, नुसता उभा राहतो." मी टेप घेऊन बागेत गेले, अंगणात त्याला उभं केलं आणि मोजलं. मान १५, छाती २६, पाठ साडेवीस.

एवढा फरक कुठून आला ते त्यांच्याशी बोलताना कळलं. वाघ्या कुशीवर, अंग मुडपून झोपला होता. टेप अंगाखालून जाईना, म्हणून त्यांनी कण्यापासून छातीच्या हाडापर्यंत वरच्या बाजूने मोजलं, ११ आले, आणि दुप्पट केले. झोपलेल्या कुत्र्याच्या छातीचा मध्य नीट सापडत नाही. टेप दोन्ही टोकांना इंच-इंच अलीकडे थांबला तर दुपटीत चार इंच जातात, आणि इथे तेच झालं. पाठ मोजताना टेप कानांच्या मागून सुरू केला होता. मानेची ती लांबी पाठीत धरली गेली, ती साधारण तीन इंच. उरलेला दीड इंच कमानीचा, कारण मुडपलेल्या अंगाच्या बाहेरच्या वळणावरून टेप फिरला की तो जास्तच भरतो.

आपल्याकडच्या इरल्याचं उदाहरण मी नेहमी देते. लावणीला वाकलेल्या माणसाची पाठ झाकायची असते, म्हणून ते वाकलेल्या अंगाच्या हिशोबाने बांधतात. इरलं घेऊन ताठ उभं राहिलं की ते तसं बसत नाही. कोटाचंही तेच आहे. कुत्रा तो उभ्याने आणि चालताना वापरणार, म्हणून माप उभ्याचं. बसलेल्या कुत्र्याची पाठ गोल होते आणि लांबी वाढून येते.

मी मोजते ते असं. जागा कडक पण न घसरणारी हवी. चिऱ्याचं अंगण किंवा सारवलेली जमीन उत्तम. गुळगुळीत लादीवर पाय फाकतात आणि सगळीच मापं हलतात. एका माणसाने पुढे उभं राहून भाकरीचा तुकडा कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर धरायचा. तुकडा वर धरला की डोकं वर जातं आणि पाठ आखूड भरते, जमिनीवर टाकला की मान खाली जाऊन पाठ लांब भरते. नजर समोर असावी. मे महिन्यात दुपारी कुत्रा धापा टाकत असतो आणि छाती सारखी वरखाली होते, म्हणून मी सकाळी मोजते, तोंड मिटलेलं असताना.

पाठ मोजायला सुरुवात मानेच्या मुळाशी करायची, म्हणजे मान जिथे पाठीला मिळते तिथे. ती जागा शोधायला गळ्यातला पट्टा सैल करून खाली सरकवा. खांद्याच्या हाडांच्या पुढे तो जिथे अडतो, तिथे टेपचं टोक. तिथून कण्यावरून सरळ मागे, शेपटी जिथे सुरू होते तिथपर्यंत. शेपटी मोजायची नाही. शेपटी पाठीवर वळलेली असेल तर हाताने खाली करून मूळ बघा. ते बोटाला नीट लागतं.

छातीच्या घेरात दुसरी मोठी गडबड होते आणि यात लोक फार घाई करतात. टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून, बरगड्या सर्वांत रुंद असतात तिथून फिरवायचा. काहीजण तो पोटावरून फिरवतात. गावठी कुत्र्याचं पोट बारीक असतं, मग माप चार-पाच इंच कमी येतं. काहीजण पायांच्या पुढून फिरवतात. आणि टेप तिरका गेला, वर खांद्याकडे आणि खाली पोटाकडे, तर माप उगाच वाढतं. माझी सवय अशी की टेप फिरवला की मी खाली वाकून कुत्र्याच्या बाजूने बघते. टेप जमिनीला काटकोनात उभा दिसला पाहिजे. एकदा मोजलं की कुत्र्याला अंगणात एक फेरी मारू देते आणि पुन्हा मोजते. दोन मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कोट उसवून नव्याने शिवायला अर्धा दिवस जातो.

आता सैल किती ठेवायचं. टेपखाली दोन बोटं घालून मोजा, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. लोक तसं मोजतात, वर स्वतःच्या मनाने दोन इंच वाढवतात, आणि मग मी माझे दोन वाढवते. असा कोट पावसात चालताना एका कुशीवर फिरतो आणि बेल्ट पोटाखाली येतो. मला अंगाला टेकलेलं माप पाठवा. टेप आवळायचा नाही आणि लोंबू द्यायचा नाही. केसाळ कुत्रा असेल तर केस न दाबता. सैल किती ठेवायचं ते मी कापडावरून ठरवते, कारण रेनकोटचं कापड ताणलं जात नाही. वाघ्याचा दुसरा कोट मी छातीला २८ केला, मानेला १६, आणि पाठीला २०, म्हणजे शेपटीच्या मुळापासून अर्धा इंच अलीकडे. तो त्याने तो पूर्ण पावसाळा वापरला.

मानेचं माप पट्ट्यावरून पाठवू नका. बागेतल्या कुत्र्यांना लोक रुंद जाड पट्टा घालतात आणि त्याची भोकं मोजून आकडा देतात. पट्टा मानेच्या मधोमध असतो, कोटाची कॉलर मुळाशी बसते, आणि तिथे घेर जास्त असतो. पट्टा काढून मोजा. डोक्यातून घालायचा कोट हवा असेल तर डोक्याचाही घेर पाठवा.

वजनावरून माप मागू नका. बारा किलोचा पग आणि बारा किलोचा गावठी एका कोटात बसत नाहीत. "लॅब आहे, लार्ज द्या" हेही नको.

तयार कोट घेणार असाल आणि तीन मापं दोन साइझमध्ये विभागली गेली, तर छातीचं ऐका. लांबी थोडी कमी-जास्त चालते, छाती आवळ चालत नाही. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मात्र छातीवरून घेतलेला कोट मागे उघडा पडतो. त्याला शिवूनच घ्या.

नर कुत्र्याचा कोट असेल तर सांगा. पोटाखालची पट्टी लघवीच्या जागेच्या दोन इंच तरी अलीकडे थांबवावी लागते, नाहीतर ती कायम ओली राहते.

पिल्लाचं माप मेमध्ये घेऊन जुलैसाठी शिवून घेऊ नका. दोन महिन्यांत छाती बदलते.

टेप शिवणकामाचा, कापडी घ्या. लोखंडी टेप अंगाला वळत नाही. सुतळीने मोजून पट्टीवर लावणारेही भेटतात, सुतळी ताणली जाते. एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, म्हणून आकड्यापुढे काय ते लिहा. मला एकदा "छाती ६०" असं नुसतंच आलं होतं. विचारल्यावर ते सेंटिमीटर निघाले.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. माझ्याकडे आलेल्या कुत्र्यांत, गावठी असो, लॅब असो की डॅशहुंड, छातीचा घेर पाठीच्या लांबीपेक्षा जास्तच भरलेला आहे. तुमच्या कागदावर पाठ मोठी असेल तर टेप कुठेतरी चुकलाय. वाघ्यानंतर असं माप आलं की मी कात्री हातात घेत नाही.

कोट आल्यावर तो घालून कुत्र्याला दहा मिनिटं चालवा आणि बघा. पाऊल आखडतं टाकतोय तर छाती किंवा काख आवळ आहे. कोट मागे सरकतोय तर मान सैल आहे. जेवायला डोकं खाली घातल्यावर गळ्याशी ताण येतोय तर मान आवळ. काखेमागे बोट फिरवून केस विस्कटलेत का तेही बघा, पुढे जखम होते ती तिथेच. घरात आल्यावर कोट काढून ठेवा. आपल्याकडच्या जुलैच्या दमटपणात कोटाखालचे केस सुकत नाहीत, आणि मग कोट कितीही मापाचा असला तरी कातडीला खाज सुटते.