ऑनिक्स रेंडरमध्ये टीव्हीसारखा दिसतोय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्याच्या रिसेप्शनमागे मध रंगाचा ऑनिक्स, मागून उजेड, असं काम होतं. घाईत मी ऑनिक्सचा फोटो उचलून थेट VRayLightMtl मध्ये टाकला आणि पाठवून दिला. डॉक्टरांचे वडील रेंडर बघून म्हणाले, "टीव्ही भारी आहे, पण एवढा मोठा कशाला?"

त्यांचं काय चुकलं? त्या मटेरियलमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश फेकतो. चमक वाढवली की फिकट भाग पांढरे फटक होतात आणि शिरा गायब. पॉलिश केलेल्या दगडावर समोरच्या खुर्च्यांचं प्रतिबिंब दिसायला हवं, तेही नाही. नवी पोरं आजही हेच करतात, कारण दोन मिनिटांत होतं. मग दोन तास फोटोशॉपमध्ये घासत बसतात.

मी आता पॅनल एका पातळ प्लेनचाच करतो आणि त्याला VRay2SidedMtl देतो. हे मटेरियल जाडीच्या ठोकळ्यावर नीट चालत नाही, म्हणून कडेची जाडी दिसत असेल तर ती पट्टी वेगळी मॉडेल करायची. पुढच्या मटेरियलला ऑनिक्सचा टेक्श्चर आणि हलकं प्रतिबिंब. मग तोच टेक्श्चर Translucency मध्ये, म्हणजे गडद शिरेतून उजेड कमी येतो, फिकट भागातून जास्त. खरा दगडही असाच वागतो. मागे साधारण 15 सेंटीमीटरवर प्लेन लाइट, तोंड पॅनलकडे, आणि चारी बाजूंनी बंद पांढरी पेटी. पेटी उघडी राहिली की उजेड कडेने भिंतीवर गळतो आणि सगळी मजा जाते.

माझी एक सवय आहे: मागचा दिवा बंद करून एक छोटा रेंडर काढायचा. तेव्हाही तो दगड वाटला पाहिजे. वाटला नाही तर दिवा कितीही फिरवा, उपयोग नाही.

दुसरी चूक पट्ट्यांची. "खऱ्यात पट्ट्याच लावतात ना" म्हणून काही जण मागे चार बारीक एलईडी पट्ट्या ठेवतात आणि पॅनलवर उभे चट्टे येतात. साइटवरही नेमकं हेच होतं. पट्ट्यांमधलं अंतर पॅनलपासूनच्या अंतराइतकं किंवा त्याहून कमी हवं. पट्ट्या एकमेकींपासून 15 सेंटीमीटरवर ठेवायच्या असतील तर पेटीही तेवढी खोल हवी. डिझायनरने 5 सेंटीमीटरच जागा सोडली असेल, तर रेंडरमध्ये गुळगुळीत उजेड दाखवू नका. शिव्या तुम्हालाच बसतील.

मागचा दिवा चालू असताना काढलेला फोटो टेक्श्चर म्हणून वापरू नका, त्यात चमक दोनदा मोजली जाते. दोन पॅनल शेजारी असतील तर एकाचा टेक्श्चर आरशातल्यासारखा उलटा करा, शिरा जुळतात. आणि मध रंगाच्या दगडामागे 3000 केल्विन पुरे. 6500 ठेवला की रिसेप्शनला ट्यूबलाइटची कळा येते.